ऑनलाइन मॉड्यूलला मार्क देताना: आधी पेपर सोडवा, मग उद्दिष्टं वाचा

प्रश्न: आमच्या कॉलेजात ऑनलाइन कोर्सची मॉड्यूल्स एकमेकांनी तपासायची ठरलीयेत. फॉर्मवर चार मुद्दे आहेत: उद्दिष्टांची स्पष्टता, अ‍ॅक्टिव्हिटी, असेसमेंटशी मेळ आणि विद्यार्थ्यावरचा वर्कलोड, प्रत्येकाला पाचपैकी मार्क. एकाच मॉड्यूलला मेळ या मुद्द्यावर मी ४ दिले आणि दुसऱ्या मॅडमनी २. नक्की काय बघून मार्क द्यायचे? माझ्याकडे सहा मॉड्यूल्स आहेत आणि दहा दिवस.

उत्तर:

तुमच्या ४ मध्ये आणि त्या मॅडमच्या २ मध्ये चूक कोणाची हे फॉर्म बघून सांगताच येणार नाही, कारण बहुतेक तुम्ही दोघींनी वेगवेगळ्या गोष्टींना मार्क दिलेत. तुम्ही बघितलं असणार की उद्दिष्टात जे टॉपिक आहेत तेच टेस्टमध्ये आहेत का, आणि त्यांनी बघितलं असणार की उद्दिष्टात मुलाला जे *करता* यायला हवं म्हटलंय ते टेस्टमध्ये करायला लावलंय का. हे दोन प्रश्न ऐकायला सारखे वाटतात पण उत्तरं पार वेगळी येतात. मी कॉमर्स शिकवते, गेली बरीच वर्षं आमच्याकडची आणि इतर कॉलेजांची मॉड्यूल्स तपासते, आणि सुरुवातीला मीही टॉपिकच जुळवत बसायचे, म्हणून हे ठामपणे लिहितेय.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर असतात त्या सांगून टाकते. मॉड्यूल क्रेडिटचं आहे की ज्याला हवं त्याने केव्हाही करावं असं, मुलं कोणत्या माध्यमातून आलीयेत, मॉड्यूल अजून सुरू व्हायचंय की एक बॅच होऊन गेलीये, आणि तुम्ही स्वतः तो विषय शिकवता की नाही. शेवटचा मुद्दा सगळ्यात फसवा. विषय आपला असला की न लिहिलेलंही आपल्याला दिसतं, म्हणजे आपलं डोकं मधल्या गाळलेल्या जागा आपोआप भरतं आणि आपण "छान आहे की" म्हणून ५ देऊन मोकळे होतो. विषय आपला नसेल तर उलट प्रत्येक गोष्ट अवघड वाटते. मला विचाराल तर एक विषयातला आणि एक बाहेरचा अशी जोडी असावी, पण ते तुमच्या हातात नसेल.

आता पद्धत. मी फॉर्मच्या क्रमाने जात नाही. फॉर्मवर उद्दिष्टं पहिली असतात म्हणून आपण ती पहिली वाचतो, आणि एकदा वाचली की पुढचं सगळं त्याच चष्म्यातून बघतो, म्हणजे व्हिडिओत कुठेतरी तो शब्द आला की मनातल्या मनात टिक मारतो. मी उलटी जाते. पहिल्यांदा टेस्ट उघडते आणि कागद-पेन घेऊन खरोखर सोडवते. मग प्रत्येक प्रश्नासमोर लिहिते की हा सोडवायला मुलाला काय यायला लागेल. त्यानंतर अ‍ॅक्टिव्हिटी, मग व्हिडिओ आणि पीडीएफ, आणि उद्दिष्टं सगळ्यात शेवटी. तोपर्यंत माझ्या कागदावर "या मॉड्यूलची खरी उद्दिष्टं" तयार झालेली असतात, मास्तरांनी लिहिलेली नाही तर टेस्ट जी मागतेय ती. मग दोन्ही शेजारी ठेवायची.

हे हवेत राहू नये म्हणून एक मॉड्यूल घेते. एफवाय बीकॉमच्या अकाउंटन्सीतलं, बँक रिकन्सिलिएशन स्टेटमेंट, म्हणजे बीआरएस. ज्यांचा कॉमर्सशी संबंध नाही त्यांच्यासाठी: धंदेवाल्याच्या कॅश बुकात बँकेची शिल्लक एक दिसते आणि बँकेच्या पासबुकात दुसरी दिसते, तर तो फरक कशामुळे आला हे दाखवून दोन्ही आकडे जुळवायचे, एवढंच. आपण दिलेला चेक समोरच्याने अजून वटवला नाही, आपण भरलेला चेक अजून जमा झाला नाही, बँकेने चार्जेस कापले आणि आपल्याला पत्ताच नाही, अशी कारणं असतात.

मॉड्यूलमध्ये तीन उद्दिष्टं होती. एक, विद्यार्थ्यांना बीआरएसची संकल्पना समजेल. दोन, कॅश बुक आणि पासबुकातल्या फरकाची कारणं माहीत होतील. तीन, विद्यार्थी बीआरएस तयार करू शकतील. सोबत तीन व्हिडिओ मिळून ४२ मिनिटं, चौदा पानी पीडीएफ, सरावाला आठ गणितं, "बीआरएसचे महत्त्व यावर आपले मत मांडा आणि दोन मित्रांच्या मतांवर प्रतिक्रिया द्या" अशी फोरमवरची चर्चा, दहा मार्कांची क्विझ आणि दहा मार्कांचं एक गणित. व्हिडिओ सुंदर होते हो. आवाज स्वच्छ, बोर्डवरचं अक्षर मोत्यासारखं. हे मुद्दाम सांगतेय कारण चांगला व्हिडिओ बघितला की पुढच्या चारही मुद्द्यांना हात सढळ होतो, आणि फॉर्मवर व्हिडिओच्या दर्जाचा मुद्दाच नाहीये.

क्विझ सोडवली. दहापैकी सात प्रश्न व्याख्येचे, बीआरएस म्हणजे काय, ते कोण तयार करतं, पासबुक कोण देतं वगैरे. दोन प्रश्न कारणांचे. एक प्रश्न छोट्या आकडेमोडीचा. मग गणित. आता व्हिडिओतलं गणित असं होतं: कॅश बुकची शिल्लक २४,००० रुपये, दिलेला पण न वटलेला चेक ५,०००, भरलेला पण जमा न झालेला चेक २,०००, बँक चार्जेस १५०, बँकेने दिलेलं व्याज ५००. कॅश बुकावरून पासबुकाकडे जायचं तर ५,००० मिळवायचे कारण बँकेला अजून ते गेल्याचं माहीतच नाही, २,००० वजा, १५० वजा, ५०० मिळवायचे, पासबुकाची शिल्लक २७,३५०. तिन्ही व्हिडिओत अशीच गणितं, आकडे फक्त बदललेले.

टेस्टमधलं गणित मात्र ओव्हरड्राफ्टचं होतं. म्हणजे सुरुवातीचा आकडा आपले बँकेत असलेले पैसे नाहीत, तर बँकेचं आपल्यावर असलेलं देणं. तुलना सोपी व्हावी म्हणून मी इथे आकडे तेच ठेवते, फक्त व्याज बँकेने दिलेलं नाही तर लावलेलं. तर २४,००० च्या ओव्हरड्राफ्टमधून न वटलेला ५,००० चा चेक *वजा* होतो, कारण पासबुकात तेवढं देणं अजून चढलेलंच नाही, जमा न झालेले २,००० मिळवायचे, चार्जेस आणि व्याज दोन्ही मिळवायचे. उत्तर २१,६५०. ज्या मुलाने व्हिडिओ मन लावून बघितला आणि त्यातला नियम पाठ केला, "न वटलेला चेक प्लस, चार्जेस मायनस", त्याचं उत्तर २६,३५० येतं. प्रत्येक चिन्ह उलटं. म्हणजे जितका गुणी मुलगा तितका नेमका चुकणार!

हे मॉड्यूल आधी ज्यांनी तपासलं होतं त्यांनी मेळ या मुद्द्याला ५ दिले होते. त्यांचंही बरोबरच, टॉपिक तोच, बीआरएस शिकवलं, बीआरएस विचारलं. मी २ दिले. मेळ तुटतो तो असा, टॉपिकमध्ये नाही तर अटींमध्ये. शिकवताना कोणत्या परिस्थितीतलं काम करून घेतलं आणि टेस्टमध्ये कोणत्या परिस्थितीतलं मागितलं. ओव्हरड्राफ्ट विचारू नका असं माझं म्हणणं नाही, विचाराच, पण मग एक तरी गणित त्याचं करून घ्या, किंवा चिन्हं पाठ करायला लावण्याऐवजी "ही गोष्ट बँकेला माहीत नाही की आपल्याला माहीत नाही" हा विचार शिकवा, तो कुठेही चालतो.

मेळ तपासायला माझ्याकडे एक साधा तक्ता असतो, वहीच्या पानावर. डावीकडे टेस्टचा प्रत्येक प्रश्न, वर उद्दिष्टं, आणि जिथे जुळतं तिथे मार्क लिहायचे, टिक नाही. मार्क लिहिल्यावर चित्र बदलतं. इथे एकूण वीस मार्कांपैकी पहिल्या उद्दिष्टाला सात, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला अकरा असे पडले. दुसरं उद्दिष्ट, फरकाची कारणं, हा तर या धड्याचा गाभा, ते जमलं की गणित आपोआप येतं, आणि त्याला वीसात दोन मार्क. याउलट पासबुक कोण देतं यासारख्या गोष्टींना सात. नुसत्या टिक मारल्या असत्या तर तिन्ही उद्दिष्टांसमोर टिक आल्या असत्या आणि सगळं आलबेल दिसलं असतं. मग हाच तक्ता अ‍ॅक्टिव्हिटीसाठी पण करते, कोणत्या अ‍ॅक्टिव्हिटीत मुलगा कोणत्या उद्दिष्टाचा सराव करतोय. ज्या उद्दिष्टाला टेस्टमध्ये मार्क आहेत पण सरावात काहीच नाही, किंवा सराव आहे पण मार्क नाहीत, तिथे गोल करायचा. दोन गोल आले की माझे मार्क ३ च्या वर जात नाहीत.

या मेळाच्या कल्पनेला जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये इंग्रजीत एक नाव दिलं आणि तेव्हापासून ती सगळ्या फॉर्मवर आलीये, पण त्यातली मूळ गोष्ट एवढीच की मुलगा काय करतो त्यावरून तो शिकतो, आपण काय दाखवतो त्यावरून नाही. अमेरिकेत क्वालिटी मॅटर्स म्हणून ऑनलाइन कोर्स तपासण्याची एक पद्धत आहे, तिथेही उद्दिष्टं, असेसमेंट, साहित्य, अ‍ॅक्टिव्हिटी आणि टेक्नॉलॉजी हे एकमेकांना धरून आहेत का यावर सगळा भर असतो. आणि त्यांची एक गोष्ट मला फार आवडते, प्रत्येक निकषाला पाचपैकी वगैरे काही नाही, पूर्ण होतो की नाही एवढंच ठरवायचं, आणि तपासणारे तिघे असतात. पाचपैकी मार्क म्हटलं की माणूस ३ आणि ४ च्या मध्ये लोंबकळत बसतो. तुमचा फॉर्म बदलणं तुमच्या हातात नाही हे कळतं, पण मनातल्या मनात आधी हो की नाही ठरवा. "हो" असेल तर ४ की ५ एवढंच उरतं, "नाही" असेल तर १ ते ३.

उद्दिष्टांकडे येते. लोक इथे क्रियापदांवर अडकतात. ब्लूमची यादी समोर ठेवायची आणि "समजेल", "माहीत होईल" दिसलं की लाल पेन. मीही "समजेल"ला मार्क कमी करते, पण शब्दासाठी नाही. माझी कसोटी वेगळी आहे: हे उद्दिष्ट वाचून मी टेस्टचा एक प्रश्न काढू शकते का, आणि दुसऱ्या कोणी काढला तर तो साधारण माझ्यासारखाच येईल का. "संकल्पना समजेल" यावरून मी व्याख्या विचारेन, तुम्ही उदाहरण विचाराल, तिसरा गणित घालेल. तिघांचे तीन प्रश्न, म्हणजे उद्दिष्ट अस्पष्ट. "बीआरएस तयार करू शकतील" बरंच बरं आहे, पण कशावरून तयार करायचं? शिल्लक आणि फरक दिलेले असतात तेव्हा, की कॅश बुक आणि पासबुकाचे उतारे देऊन फरक स्वतः शोधायचे? ही दोन कामं अवघडपणात जमीन-अस्मान आहेत. "कॅश बुक आणि पासबुकाचा एका महिन्याचा उतारा दिला असता, न जुळणाऱ्या नोंदी शोधून त्यावरून बीआरएस तयार करतील, शिल्लक असो वा ओव्हरड्राफ्ट" असं लिहिलं असतं तर ओव्हरड्राफ्टची भानगड लिहितानाच लक्षात आली असती. या मॉड्यूलला उद्दिष्टांसाठी मी ३ दिले, एक अस्पष्ट, एक अर्धवट, एक कामाचं.

इथे एक पेच येतो आणि मला वाटतं तुमच्या २ आणि ४ मध्ये हाही असू शकतो. उद्दिष्टच अस्पष्ट असेल तर मेळ कशाशी तपासायचा? काही जण म्हणतात उद्दिष्टालाच अर्थ नाही मग मेळही नाही, दोन्हीकडे २. पण मग एकाच चुकीची शिक्षा दोनदा झाली, आणि मॉड्यूल लिहिणाऱ्याला वाटतं की आपलं सगळंच चुकलंय. मी अशा वेळी टेस्टवरून काढलेली माझी "खरी उद्दिष्टं" घेते, उद्दिष्टांच्या मुद्द्यावर मार्क कापते, आणि मेळ मात्र अ‍ॅक्टिव्हिटी आणि टेस्ट यांच्यात तपासते. तुम्ही दोघींनी हे आधी एकमेकींत ठरवून घ्या, कोणतीही पद्धत घ्या पण एकच घ्या. याची उलटी बाजूही असते. उद्दिष्ट "व्याख्या सांगतील", क्विझमध्ये व्याख्या, पीडीएफमध्ये व्याख्या ठळक अक्षरात. मेळ कसा, तर अगदी चपखल. अशा मॉड्यूलला मेळासाठी ५ द्यावेच लागतात, मन खात असलं तरी, आणि "बीकॉमच्या मुलाकडून एवढंच अपेक्षित आहे का" हा शेरा वेगळा लिहायचा. मेळ चांगला म्हणजे मॉड्यूल चांगलं असं नाही.

अ‍ॅक्टिव्हिटीबद्दल थोडक्यात. आपल्याकडे स्वयमच्या चार क्वाड्रंटमुळे, म्हणजे व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चा आणि स्व-मूल्यमापन, एक सवय लागलीये की चारही खण भरले की काम झालं. खण भरलाय का हे क्लार्कही तपासू शकेल. तुम्ही दोनच गोष्टी विचारा. ही अ‍ॅक्टिव्हिटी काढून टाकली तर टेस्टमधला कोणता प्रश्न मुलाला जड जाईल? आणि चुकलं तर मार्कांच्या टेस्टच्या आधी त्याला कळतं का? फोरमवरचं "महत्त्व यावर मत मांडा" पहिल्याच प्रश्नावर गळतं, ते काढलं तर काहीही बिघडत नाही. मी त्या फोरमवर एकदा डोकावले होते, पहिल्या मुलाने पीडीएफमधला परिच्छेद टाकलेला आणि खाली ओळीने "छान मत", "सहमत", "खूप छान माहिती". आठ गणितं दुसऱ्या प्रश्नावर गळतात, कारण शेवटी फक्त उत्तराचा आकडा होता. उत्तर चुकलं तर कुठे चुकलं हे मुलाला कळायला रस्ता नाही, मग तो आकडा जुळेपर्यंत चिन्हं उलटीसुलटी करून बघतो. हसू नका, जुळतात पण कधीकधी.

इथे काय हवं होतं तर एक छोटा तुकडा. आठ नोंदींचा कॅश बुकाचा उतारा, शेजारी पासबुकाचा, जुळणाऱ्या नोंदींवर टिक करा, उरलेल्या दोन गटांत टाका: बँकेला माहीत नसलेल्या आणि आपल्याला माहीत नसलेल्या. अजून बेरीज-वजाबाकी काहीही नाही. मूडलवर हे ओढून टाकायच्या प्रश्नाने होतं आणि चुकलं तर दिसेल असा फीडबॅकही लिहिता येतो. पंधरा मिनिटांचं काम, पण दुसरं उद्दिष्ट इथे खऱ्या अर्थाने होतं. अ‍ॅक्टिव्हिटीला मी २ दिले आणि शेऱ्यात हे सुचवलं.

आता वर्कलोड, आणि इथे जरा थांबते, कारण या मुद्द्याला सगळे अंदाजाने मार्क देतात. "ठीक वाटतंय, ४." हा चारातला एकच मुद्दा आहे जो मोजता येतो, तरी कोणी मोजत नाही. नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कप्रमाणे वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट, म्हणजे एका क्रेडिटला तीस तास, आणि यात मुलाचा सगळा वेळ धरायचा, व्हिडिओ, वाचन, सराव, परीक्षा. आमचा कोर्स दोन क्रेडिटचा, साठ तास, दहा मॉड्यूल्स, तर एकाला सहा तास. मॉड्यूलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं, "अंदाजे वेळ: ३ तास".

मी मोजलं. व्हिडिओ ४२ मिनिटांचे, पण अकाउंट्सचा व्हिडिओ कोणी सरळ बघत नाही, थांबवून वहीत उतरवतो, मागे नेतो. मी गणिताच्या व्हिडिओला दुप्पट धरते, हा माझा अंदाज, तुमच्या मुलांवरून बदला. ८४ मिनिटं. पीडीएफ चौदा पानं, पानाला साधारण ३५० शब्द, म्हणजे ४,९०० शब्द. वाचनाच्या वेगासाठी ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे आकडे मला बरे वाटतात, सोपा मजकूर मिनिटाला १२० शब्द, मध्यम ७०, अवघड ३५. एवढा हळू कोण वाचतं असं वाटेल, पण हे अभ्यासाचं वाचन आहे, पेपर चाळणं नाही. मध्यम धरलं तर ७० मिनिटं. फोरमवर स्वतःची पोस्ट, इतरांच्या वाचून दोन प्रतिक्रिया, ४० मिनिटं. क्विझ १५. टेस्टचं गणित ३०. आणि आठ सराव गणितं. मी एक गणित घड्याळ लावून सोडवलं, आठ मिनिटं लागली. आपल्याला जेवढा वेळ लागतो त्याच्या तिप्पट नवख्याला लागतो असं मी धरते, म्हणजे पंचवीस मिनिटांच्या आसपास, आठ गणितं म्हणजे २०० मिनिटं. सगळं मिळून ४३९ मिनिटं, सव्वासात तासांच्या थोडं वर.

आणि हे इंग्रजी सहज वाचणाऱ्या मुलाचं झालं. आमच्याकडे निम्मी मुलं मराठी माध्यमातून येतात आणि पीडीएफ इंग्रजीत. त्यांच्यासाठी मी ३५ शब्द धरते, वाचनाचीच १४० मिनिटं होतात, आणि एकूण ५०९, जवळजवळ साडेआठ तास. तीन तास म्हणून सांगितलेलं, सहा तासांत बसायला हवं असलेलं, आणि प्रत्यक्षात साडेआठ. मुलगा मग काय सोडतो? फोरम नाही सोडत, कारण त्याला हजेरीचे मार्क आहेत. सराव गणितं सोडतो, ज्यातून तो खरोखर शिकला असता. म्हणून वर्कलोडचा मुद्दा म्हणजे मुलांवर दया नाही. भार वाढला की मुलं कात्री लावतात, आणि ती मार्क नसलेल्या गोष्टीला लावतात. वर्कलोडला मी २ दिले.

शेऱ्यात "भार कमी करा" एवढंच लिहिलं तर लिहिणारा व्हिडिओ छोटा करतो, कारण तेच सोपं. म्हणून मी काय कापायचं ते आकड्यासकट लिहिते. फोरम काढा, ४० मिनिटं गेली. आठ गणितांऐवजी चारच ठेवा पण पायरीपायरीचं उत्तर द्या आणि त्यातलं एक ओव्हरड्राफ्टचं करा, १०० मिनिटं गेली. आता ४३९ वरून २९९, पाच तास, म्हणजे वरचं टिक करायचं काम घालूनही सहाच्या आत. मराठी माध्यमाच्या मुलाला ते काम धरून साधारण सहा तास पंचवीस मिनिटं होतात, पीडीएफमधली व्याख्यांची तीन पानं उडवली की तोही बसतो. आणि पहिल्या पानावरचे "३ तास" बदला, ते मुलाला खोटं सांगणं आहे, त्याला वाटतं आपणच मंद आहोत.

एकूण तासांसोबत ते कुठे पडतात हेही बघा. सहा तास आठवडाभर पसरले तर ठीक, पण दोन मॉड्यूल्सच्या डेडलाइन एकाच रविवारी रात्री असतील तर कागदावरचं गणित काही कामाचं नाही. हे एक मॉड्यूल बघून कळत नाही, कोर्सचं कॅलेंडर मागून घ्या.

मॉड्यूल एकदा चालून गेलं असेल तर मूडलमध्ये क्विझचं स्टॅटिस्टिक्स रिपोर्ट असतं, तेही मागा. त्यात प्रत्येक प्रश्नाचा फॅसिलिटी इंडेक्स दिसतो, म्हणजे मुलांनी सरासरी किती टक्के मार्क मिळवले. व्याख्येच्या प्रश्नांना नव्वदच्या पुढे आणि गणिताला अगदी खाली असं दिसलं तर बहुधा सरावात काहीतरी गाळलंय. पण नुसता आकडा धरून मार्क कापू नका, प्रश्नच चुकीचा छापलेला असला तरी आकडा तसाच येतो. आणि मार्क देऊन झाल्यावर हा रिपोर्ट उघडा, आधी नाही.

थोडक्यात क्रम परत सांगते, कारण लांबलं: टेस्ट सोडवा, प्रश्नासमोर काय लागतं ते लिहा, तक्त्यात मार्क भरा, मग अ‍ॅक्टिव्हिटी, मिनिटं मोजा, उद्दिष्टं शेवटी. प्रत्येक मुद्द्याला आधी एक ओळ पुरावा लिहा, "टेस्टमध्ये ओव्हरड्राफ्ट, सरावात एकदाही नाही" असा, आणि आकडा त्यानंतर टाका. दुसऱ्या मॅडमशी बोलायच्या आधी दोघींनी वेगवेगळे भरा. एका मार्काचा फरक असेल तर सोडून द्या. दोन किंवा जास्त असेल तर आकड्यावर वाद घालू नका, पुराव्याच्या ओळी शेजारी ठेवा. माझा अनुभव असा की दहातल्या आठ वेळा एकीने जे बघितलं ते दुसरीने बघितलेलंच नसतं, आणि मग ती आपणहून आकडा बदलते. पहिलं मॉड्यूल दोघींनी एकत्र बसून करा, उरलेली वेगवेगळी.

दहा दिवसांत सहाबद्दल: मला एका मॉड्यूलला तीन ते साडेतीन तास लागतात, त्यातला तास टेस्ट आणि एखादं सराव गणित सोडवण्यात जातो. सहाचे वीसेक तास झाले, लेक्चर सांभाळून रोज दोन. जमण्यासारखं आहे, पण पेपर तपासणीचा काळ असेल तर आत्ताच मुदत मागून घ्या, आणि मागताना हे तास लिहून द्या, बहुतेकांना वाटतं फॉर्म भरायला वीस मिनिटं लागतात.